दाखला जसाच्या तसा, सीव्ही नव्याने

सहकारी साखर कारखान्यात फिटर म्हणून काम केलेल्या माणसाचा अनुभवाचा दाखला बहुतेक वेळा तीन-चार ओळींचा असतो. 'दाखला देण्यात येतो की, श्री. अमुक हे आमच्या कारखान्याकडे इंजिनिअरिंग विभागात फिटर (कुशल ब) या पदावर गळीत हंगाम २०१४-१५ पासून एप्रिल २०२२ अखेर कामास होते. त्यांची वर्तणूक चांगली होती. सदरचा दाखला त्यांच्या मागणीवरून देण्यात येत आहे.' वर जावक क्रमांक, खाली कार्यकारी संचालकांची सही आणि गोल शिक्का. सांगली-कोल्हापूरच्या कोणत्याही दुसऱ्या कारखान्यात हा कागद वाचणाऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही. गळीत हंगाम साधारण कधी सुरू होतो, कुशल ब ही वेज बोर्डाची कोणती श्रेणी, ऑफ सीझनला मिल कोण उघडतं, हे सगळं त्याला ठाऊक असतं.

हाच कागद इंग्रजीत होऊन मस्कतमधल्या एखाद्या मेंटेनन्स कंत्राटदाराकडे गेला, की वाचणारा माणूस बदलतो. तो केरळचा असेल, फिलिपाइन्सचा असेल, इंग्लंडचाही असेल. त्याने साखर कारखाना कदाचित आयुष्यात पाहिलेला नसतो. त्याला पंप, गिअरबॉक्स, कंप्रेसर यांवर हात बसलेला फिटर हवा असतो आणि एका जागेसाठी त्याच्यापुढे कागदांचा गठ्ठा असतो. त्या गठ्ठ्यातून आपला माणूस उचलला जावा असं वाटत असेल, तर कागद इंग्रजीत करताना नेमकं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं.

भाषांतरासाठी येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: 'साहेब, सगळं इंग्रजीत करून द्या.' या 'सगळं' मध्ये दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. दाखला, गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला हे दुसऱ्याने दिलेले कागद. त्यांचं भाषांतर शब्दाला शब्द धरून करायचं, त्यात काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. शिक्का असेल तर 'गोल शिक्का' असं लिहून त्यातला मजकूर द्यायचा, सही वाचता येत नसेल तर 'सही, अवाच्य' असं लिहायचं, एखादा आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला असेल तर तेही नोंदवायचं. सीव्ही मात्र उमेदवाराचा स्वतःचा कागद. त्याचं भाषांतर करायचंच नाही. मराठी बायोडाटा समोर ठेवून, माणसाला विचारून, इंग्रजीत तो नव्याने लिहायचा. हे दोन नियम उलटे लागले की घोटाळा होतो. दाखल्यात भर घातली तर ती बनावट ठरते आणि बायोडाटा शब्दशः उतरवला तर तो परक्या वाचणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून हा फरक चटकन लक्षात येतो. त्यात धर्म आणि जात यांचा रकाना असतो, 'प्रगती', 'वर्तणूक', 'शाळा सोडल्याचे कारण' आणि 'शेरा' हे रकाने असतात. पुष्कळ जण म्हणतात, 'जातीचा रकाना सोडून द्या, परदेशात काय करायचाय?' भाषांतरकाराला तो सोडता येत नाही, कारण मूळ कागदात तो आहे. पण सीव्हीत जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय यांपैकी काहीही यायला नको. मुळात हा दाखला मालकाने मागितला नसेल तर तो पाठवायचाच कशाला? जन्मतारीख पासपोर्टवर आहे आणि दहावीचं प्रमाणपत्रही आहे. म्हणून भाषांतराला बसण्याआधी सगळे कागद टेबलावर पसरून त्यांचे तीन गठ्ठे करावेत. आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, पासपोर्ट, पीएफचं पासबुक असे ज्यांच्यावर इंग्रजी आधीच आहे ते एकीकडे. त्यांना हात लावायचा नाही. नोकरीसाठी लागणारे, पण फक्त मराठीत असलेले दुसरीकडे. रहिवासी दाखला, सरपंचांचं शिफारसपत्र, भजनी मंडळाचं प्रशस्तिपत्र असे ज्यांची कुणाला गरज नाही ते तिसरीकडे. पैसे फक्त मधल्या गठ्ठ्यावर खर्च करावेत. फिटरच्या बाबतीत त्या गठ्ठ्यात पुष्कळदा अनुभवाचा दाखला एवढा एकच कागद उरतो.

हाताने लिहिलेल्या जुन्या दाखल्यांत एक जागा फार जपून वाचावी लागते. देवनागरी १ आणि ९ घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात. जन्मवर्ष १९९१ की १९९९, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. सुदैवाने शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख अक्षरीही लिहिलेली असते. आधी ती वाचावी, मग आकडा पाहावा. दोन्ही जुळत नसतील तर भाषांतरात दोन्ही जसंच्या तसं द्यावं आणि उमेदवाराला शाळेकडे पाठवावं. मूळ कागद दुरुस्त करण्याचा अधिकार शाळेला आहे, भाषांतरकाराला नाही.

नावाचा प्रश्न याहून मोठा. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. कारखान्याच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी आणि नाव व वडिलांचं नाव मिळून दुसरी ओळ. परदेशातल्या माणसाला यातलं आडनाव कुठलं हे ओळखता येत नाही आणि तो वडिलांच्या नावालाच आडनाव समजतो. त्यात स्पेलिंगची भर. 'वैभव' व्हीने लिहायचं की डब्ल्यूने, 'क्षीरसागर'मध्ये एक आय की दोन ई, 'बाळासाहेब' एक शब्द की दोन, 'राव' लावायचं की नाही. इथे कानाला काय बरोबर वाटतं याला किंमत नाही. पासपोर्टवर जे अक्षर आहे तेच सीव्हीवर, अर्जावर आणि प्रत्येक भाषांतरात वापरायचं, ते चुकीचं वाटलं तरी. इंग्रजी असलेल्या दुसऱ्या प्रमाणपत्रावर स्पेलिंग वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून सोबत ठेवावं. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडावं. परिचारिकांच्या अर्जांत ही अडचण वारंवार येते, कारण शिक्षण माहेरच्या नावाने झालेलं असतं आणि पासपोर्ट सासरच्या नावाने निघालेला असतो.

आता वरच्या फिटरच्याच दाखल्याकडे वळू. 'गळीत हंगाम २०१४-१५ पासून एप्रिल २०२२ अखेर.' उमेदवार बायोडाटात लिहितो, 'आठ वर्षांचा अनुभव'. हंगाम मोजले तर आठ भरतात, यात खोटं काही नाही. पण मुलाखत घेणारा विचारतो, 'हंगाम म्हणजे किती महिने? उरलेले महिने तुम्ही काय करत होता?' इथे माणूस गडबडला की सगळ्याच कागदांवरचा विश्वास जातो. म्हणून हा प्रश्न सीव्ही लिहिणाऱ्याने आधीच विचारायला हवा.

विचारल्यावर जे बाहेर येतं ते साधारण असं असतं. पहिले तीन हंगाम तो फक्त गाळप सुरू असतानाच कामावर होता, प्रत्येक वेळी सुमारे पाच महिने. मधल्या काळात तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपमध्ये ट्रॉली आणि शेतीच्या अवजारांचं फॅब्रिकेशन करत होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला कायम केलं आणि तिथून पुढे बारा महिने काम मिळालं. हंगामात चालू मशिनरीची देखभाल, ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंग. हिशेब करा. तीन हंगामांचे पंधरा महिने आणि नोव्हेंबर २०१७ ते एप्रिल २०२२ हे चोपन्न महिने. एकूण पाच वर्षं नऊ महिने. आठ वर्षांच्या दाव्यापेक्षा हा आकडा लहान आहे, पण तो प्रत्येक प्रश्नाला टिकतो आणि पीएफच्या पासबुकातल्या नोंदींशी ताडून पाहता येतो.

सीव्हीत मग या एका नोकरीच्या दोन नोंदी होतात. सर्वांत अलीकडचं काम वर. त्यामुळे कायम झाल्यानंतरची साडेचार वर्षं आधी आणि तीन हंगाम त्याखाली, 'हंगामी, दर वर्षी सुमारे पाच महिने' असं स्पष्ट लिहून. वर्कशॉपचं काम तिसऱ्या नोंदीत. त्याचा दाखला नसला तरी ते लपवायचं कारण नाही, मोकळ्या महिन्यांचा खुलासा त्यातूनच होतो. मराठी बायोडाटात सगळ्यांत आधी दहावी, मग आयटीआय, मग नोकरी असा चढता क्रम असतो. तो इथे पूर्ण उलटतो.

पदनामाला मात्र हात लावायचा नाही. दाखल्यावर 'फिटर (कुशल ब)' आहे, तर सीव्हीतही तेच. जाहिरातीत 'रोटेटिंग इक्विपमेंट टेक्निशियन' हवा आहे म्हणून आपलं पदनाम बदलून तसं लिहिलं, तर दाखला आणि सीव्ही एकमेकांना खोटं पाडतात. बदल करायचा तो पदनामाखालच्या मजकुरात. तिथे परक्या वाचणाऱ्याला लागणारी दोन माहिती द्यायची. पहिली, कारखाना केवढा? 'रोज ३,५०० टन ऊस गाळणारा, स्वतःची वीज तयार करणारा प्रकल्प' एवढ्या ओळीने साखर न पाहिलेल्या इंजिनिअरलाही यंत्रसामग्रीचा अंदाज येतो. दुसरी, या माणसाने स्वतः काय केलं? मराठी बायोडाटात इथे 'मिल हाऊस व बॉयलिंग हाऊसमधील सर्व प्रकारची कामे' असं असतं. त्या जागी यंत्रांची नावं यावी लागतात: रसाचे पंप, इंजेक्शन पंप, बॉयलर फीड पंप, मिलचे गिअरबॉक्स. आणि त्यांवरची कामं: बेअरिंग बदलणं, ग्लँड पॅकिंग भरणं, डायल गेज लावून कपलिंगचं अलाइनमेंट करणं. मस्कतमधल्या माणसाच्या ओळखीचे शब्द हेच आहेत. साखरेच्या कारखान्यातला सेंट्रिफ्यूगल पंप आणि रिफायनरीतला सेंट्रिफ्यूगल पंप उघडण्याची रीत बरीचशी सारखीच असते.

बरीचशी, पूर्ण नव्हे. आणि सगळ्यांत जास्त प्रामाणिक राहायचं ते इथेच. तेल आणि वायूच्या प्रकल्पांत पंपांना बहुतेक ठिकाणी मेकॅनिकल सील असतं. साखर कारखान्यातल्या रसाच्या पंपांवर ग्लँड पॅकिंगच जास्त पाहायला मिळतं. उमेदवाराने मेकॅनिकल सील बसवलेलं नसेल तर ते सीव्हीत लिहू नये. दुसऱ्याच्या सीव्हीतून ओळी उचलून आपल्यात टाकण्याची सवय टायपिंग सेंटरवाल्यांना असते आणि हा शब्द अशाच वाटेने आत येतो. आखाती नोकऱ्यांसाठी बऱ्याचदा मुंबईत ट्रेड टेस्ट होते. समोर पंप ठेवून 'सील बदला' म्हटलं की दोन मिनिटांत सत्य समोर येतं. त्यापेक्षा 'डायल गेजने अलाइनमेंट' ही खरी येणारी गोष्ट ठळकपणे लिहिलेली असली, तर परीक्षकही तीच करून दाखवायला सांगण्याची शक्यता वाढते.

मांडणी कोणत्या देशासाठी आहे यावर ठरते, आणि एकच सीव्ही सगळीकडे पाठवणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं. आखाती देशांतले बरेच मालक फोटो, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्टची मुदत आणि किती दिवसांत रुजू होता येईल ही माहिती पहिल्याच पानावर मागतात. ब्रिटनमध्ये नेमकं उलट आहे. तिथे २०१० च्या समानता कायद्यानुसार वय, धर्म, वंश, वैवाहिक स्थिती यांवरून उमेदवारात भेद करता येत नाही, त्यामुळे ही माहिती आणि फोटो सीव्हीवर नसावेत अशीच तिथल्या मालकांची अपेक्षा असते. दोन पानं, साधी मांडणी, बस्स. अमेरिकेत अनुभव थोडा असेल तर एकच पान चालतं आणि तारीख लिहिताना महिना आधी येतो. ०५/०४/२०२२ ही तारीख आपल्याला ५ एप्रिल दिसते, तिथल्या माणसाला ४ मे. म्हणून देश कोणताही असो, महिना अक्षरांत लिहावा. बायोडाटाच्या शेवटी आपण लिहितो ते 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' हे प्रतिज्ञेचं वाक्य, ठिकाण, दिनांक आणि सही, हे सगळं बहुतेक परदेशी सीव्हींत नसतं. ते काढून टाकावं.

तांत्रिक बाजूने एकच सूचना. जुना बायोडाटा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतात. तेव्हा कागदाची छापील प्रत समोर ठेवून काम करावं. तयार झालेला इंग्रजी सीव्ही मोबाइलने फोटो काढून पाठवू नये. मजकूर निवडता येईल अशी पीडीएफ पाठवावी, कारण पुष्कळ कंपन्या सीव्ही आधी संगणकातून शोधतात आणि फोटोतला शब्द त्या शोधात सहसा सापडत नाही.

अर्जाच्या पत्राचंही भाषांतर करू नये. मराठी अर्जाचा साचा सरकारी कचेरीतला आहे: प्रति, विषय, महोदय, 'वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की', आणि शेवटी 'आपला नम्र'. मधल्या परिच्छेदात घरची परिस्थिती येते, वडिलांचं आजारपण येतं, 'मला संधी दिल्यास मी त्याचे सोने करीन' येतं. ही भावना खरी असते आणि आपल्या गावात ती समजूनही घेतली जाते. परदेशी मालक मात्र पत्रात तीनच गोष्टी शोधतो: कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, त्या जागेला लागणारं काम या माणसाने कुठे केलं आहे आणि तो कधी येऊ शकतो. आपल्या फिटरच्या पत्रात पहिल्या ओळीत जागेचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक येईल. दुसऱ्या परिच्छेदात साडेचार वर्षं पंप आणि गिअरबॉक्सची देखभाल केल्याचं, ऑफ सीझनमध्ये मिलच्या ओव्हरहॉलिंगमध्ये काम केल्याचं. तिसऱ्यात पासपोर्ट तयार आहे, एका महिन्यात रुजू होता येईल. पान अर्धंच भरतं आणि तेवढं पुरेसं आहे.

शिक्षणाच्या बाबतीत एकच पथ्य: दर्जा आपण बदलू नये. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआयचा फिटर ट्रेड हा डिप्लोमा नव्हे. डिप्लोमा पॉलिटेक्निकचा. 'आयटीआय म्हटलं तर त्यांना कळणार नाही' म्हणून डिप्लोमा लिहून देणारे महाभाग आहेत, आणि कागद तपासणीत ते पकडले जातं. प्रमाणपत्रावर जे नाव आहे ते लिहावं आणि पुढे 'दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण' एवढं जोडावं. टक्केवारीचंही तसंच. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी म्हणतात, ब्रिटनच्या विद्यापीठांत ती ७० ला मिळते. त्यामुळे श्रेणीसोबत मूळ गुण द्यावेत आणि तिकडच्या श्रेणीत रूपांतर स्वतः करू नये. ब्रिटनमध्ये परदेशी पदव्यांची तुलना करून देणारी यूके एनिक ही संस्था आहे. गरज पडली तर मालकच तिचं पत्र मागतो.

भाषांतर झाल्यावर ते प्रमाणित करण्याची पद्धतही देशागणिक वेगळी आहे. ब्रिटनच्या व्हिसासाठी भाषांतरावर ते मूळ कागदाशी अचूक जुळतं असं विधान, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता असावा लागतो. ओमान अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, भारत २००५ पासून आहे. संयुक्त अरब अमिराती नाही, तिथे वकिलातीचं साक्षांकन लागतं. पण अपोस्टिलबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. तो शिक्का कागदावरची सही आणि मोहोर खरी असल्याचं सांगतो. आतला मजकूर खरा आहे किंवा भाषांतर बरोबर आहे असं तो सांगत नाही. म्हणून चुकीच्या भाषांतराला अपोस्टिल लागलं तरी ते चुकीचंच राहतं, आणि त्यावर खर्च झालेले पैसे वाया जातात. साक्षांकनाला कागद देण्याआधी भाषांतरातलं नाव, प्रत्येक तारीख आणि पदनाम मूळ कागदावर बोट ठेवून ताडून पाहावं.

सीव्ही हातात आल्यावर तो घरी इंग्रजी वाचता येणाऱ्या कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या. त्यातल्या प्रत्येक ओळीवर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो. ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला सांगता येत नाही ती ओळ काढून टाका, ती कितीही चांगली दिसत असली तरी.

आणि तुम्ही अजून नोकरीत असाल, तर आजच टाईम ऑफिसमध्ये जा. रुजू झाल्याची आणि कायम झाल्याची तारीख, पद, विभाग आणि कोणत्या यंत्रांवर काम केलं हे नमूद करणारा इंग्रजी दाखला कारखान्याच्या लेटरहेडवर मागा. मालकाच्या स्वतःच्या सहीचा इंग्रजी कागद कोणत्याही भाषांतरापेक्षा भक्कम असतो, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसापेक्षा कामावर असलेल्या माणसाला तो लवकर मिळतो.